वस्तू परत गेली, पैसे कुठे अडले?

ऑनलाइन मागवलेली वस्तू परत करण्याचं काम हल्ली सोपं झालं आहे. अ‍ॅपवर कारण निवडायचं, दिवस ठरवायचा, मग कुरिअरचा मुलगा दारात येतो, खोकं उघडून बघतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि पार्सल घेऊन जातो. थोड्या वेळात ‘पिकअप पूर्ण झालं’ असा मेसेज येतो. बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत पैसेही येतात. पण कधी कधी येत नाहीत. अ‍ॅपवर ‘रिफंड प्रक्रियेत आहे’ एवढी एकच ओळ दिसत राहते. चॅटवर विचारलं तर ‘अजून ४८ तास थांबा’ असं उत्तर मिळतं. ४८ तासांनी पुन्हा विचारावं, तर दुसराच प्रतिनिधी तेच वाक्य पाठवतो.

अशा वेळी माणूस दोनपैकी एक करतो. रोज चॅटवर भांडतो, नाहीतर कंटाळून सोडून देतो. दोन्हींचा उपयोग नाही. रिफंड अडकला आहे म्हणजे तो एका ठरावीक टप्प्यावर अडला आहे. तो टप्पा कोणता हे आधी शोधायचं आणि त्या टप्प्याचाच पुरावा लेखी मागायचा. ‘माझे पैसे कधी मिळणार?’ या प्रश्नाला ‘लवकरच’ हे उत्तर चालून जातं. ‘रिफंडचा व्यवहार क्रमांक द्या’ या मागणीला मात्र एक तर क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर रिफंड अजून सोडलेलाच नाही हे कबूल करावं लागतं.

पैसे अडण्याच्या तीन जागा

पहिली जागा म्हणजे पार्सलचा परतीचा रस्ता. कुरिअरवाल्याने वस्तू उचलली की ती आधी जवळच्या केंद्रावर जाते, तिथून मोठ्या गोदामात आणि शेवटी विक्रेत्याकडे. प्रत्येक ठिकाणी पार्सलवरचा बारकोड स्कॅन होतो. काही वस्तूंचा रिफंड पिकअप झाल्याबरोबर सुटतो. काहींचा मात्र गोदामात तपासणी झाल्यावरच, आणि महागड्या वस्तूंच्या बाबतीत असं बरेचदा घडतं. मधला एखादा स्कॅन राहिला किंवा पार्सल गहाळ झालं, की संगणकाच्या लेखी वस्तू वाटेतच असते आणि रिफंडचा पुढचा आदेश निघत नाही.

दुसरी जागा म्हणजे खुद्द बाजारपेठ, म्हणजे ज्या अ‍ॅपवरून खरेदी केली ती कंपनी. पार्सल पोचलेलं असतं, पण विक्रेता म्हणतो की वेगळीच वस्तू आली किंवा वापरलेली आली. मग प्रकरण तपासणीत जातं. कधी तपासणी संपते, तरी रिफंड सोडणारं बटण कोणी दाबत नाही.

तिसरी जागा बँक. कंपनीने पैसे सोडलेले असतात, पण ते खात्यात दिसत नाहीत. कार्डाच्या रिफंडला पाच ते सात कामकाजाचे दिवस सहज लागतात. यूपीआयचा रिफंड सहसा त्याआधी येतो. खातं बंद झालेलं असेल, तर पैसे पुन्हा कंपनीकडे जातात आणि नवं खातं कळवेपर्यंत तिथेच पडून राहतात.

आपले पैसे यांपैकी कुठे आहेत, हे ऑर्डरच्या पानावर कळतं. परतीचं ट्रॅकिंग उघडून शेवटचा स्कॅन कुठे आणि कोणत्या तारखेला झाला ते पाहा. पिकअपनंतर एकही नोंद नसेल, तर अडचण रस्त्यात आहे. वस्तू पोचल्याची नोंद आहे पण रिफंड सुरू झाल्याची तारीख नाही, तर अडचण कंपनीत आहे. रिफंड झाल्याची तारीख दिसत असेल, तर पुढचा शोध बँकेत घ्यायचा.

एक उदाहरण

समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेने ४,४९९ रुपयांचा मिक्सर मागवला. त्यातले ४,२९९ रुपये यूपीआयने भरले आणि २०० रुपये अ‍ॅपच्याच वॉलेटमधून गेले. मिक्सर आला, पण त्याचं एक भांडं तडकलेलं निघालं. ३ जूनला त्यांनी परतीची विनंती केली, ६ जूनला पिकअप झालं. ‘पिकअपनंतर पाच दिवसांत रिफंड’ असं अ‍ॅपवर लिहिलेलं होतं. २० जून उजाडला तरी पैसे नाहीत.

त्यांनी ट्रॅकिंग उघडलं. शेवटची नोंद ६ जूनची, साताऱ्यातल्या केंद्राची. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे पार्सल पहिल्याच टप्प्यावर अडलं. चॅटवर विचारल्यावर उत्तर आलं, ‘विक्रेत्याला वस्तू मिळालेली नाही.’ हे उत्तर ऐकून पुष्कळ जण गप्प बसतात. त्यांना वाटतं, आता विक्रेता आणि कुरिअर यांचं काय ते ठरेल तेव्हा ठरेल. पण हा वाद ग्राहकाचा नाहीच. कुरिअर कंपनीने पाठवलेलं आहे. त्या कुरिअरने वस्तू ताब्यात घेतली आणि तशी नोंद केली, तिथे ग्राहकाचं काम संपलं. पुढे पार्सल कुठे हरवलं, हे कंपनी, कुरिअर आणि विक्रेता यांनी आपापसांत बघायचं.

म्हणून शिक्षिकेने चॅटवर एवढंच लिहिलं: ‘परतीचं पिकअप ६ जूनला पूर्ण झालं आहे. एअरवे बिल क्रमांक अमुक. तुमच्याच पानावर पिकअपनंतर पाच दिवसांत रिफंड असं लिहिलं आहे. रिफंड कोणत्या कारणाने थांबवला आहे आणि या तक्रारीचा तिकीट क्रमांक काय, हे लेखी कळवा.’ एअरवे बिल क्रमांक म्हणजे पार्सलच्या लेबलवरचा आणि ट्रॅकिंगच्या पानावरचा क्रमांक. तो दिला की प्रतिनिधीला शोधाशोधीची सबब राहत नाही. तिकीट क्रमांक हा तर ग्राहकाचा हक्क आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीला प्रत्येक तक्रारीला असा क्रमांक द्यावा लागतो, आणि त्यावरून तक्रार कुठवर आली हे ग्राहकाला पाहता आलं पाहिजे.

चॅटच्या वरचा माणूस

चॅटवर बसलेल्या प्रतिनिधीच्या हातात फारसं काही नसतं. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, आणि रोज त्याच खिडकीत लिहिण्यातही अर्थ नाही. याच नियमांप्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव, पद आणि संपर्क वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर दाखवावा लागतो. ही माहिती सहसा पानाच्या अगदी तळाशी, ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’ किंवा अटी-शर्तींच्या पानावर सापडते. तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत या अधिकाऱ्याने पोच द्यायची असते आणि एक महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते.

शिक्षिकेने २० जूनलाच या अधिकाऱ्याला ई-मेल पाठवला. तो असा होता:

‘विषय: वस्तू परत घेऊनही रिफंड न मिळाल्याबाबत, ऑर्डर क्रमांक अमुक.

मी अमुक तारखेला वरील ऑर्डरने मिक्सर घेतला. किंमत ४,४९९ रुपये. पैकी ४,२९९ यूपीआयने, २०० वॉलेटमधून. भांडं तडकलेलं असल्यामुळे ३ जून रोजी परतीची विनंती केली. ६ जून रोजी आपल्या कुरिअरने वस्तू ताब्यात घेतली. एअरवे बिल क्रमांक अमुक. आपल्या धोरणाप्रमाणे ११ जूनपर्यंत रिफंड मिळायला हवा होता, तो मिळालेला नाही. चॅटवरील तिकीट क्रमांक अमुक.

कृपया पूर्ण रक्कम मूळ पद्धतीनेच परत करावी आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक कळवावा. रिफंड आधीच केला असल्यास तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक द्यावा. सोबत बिल, परतीच्या पानाचा स्क्रीनशॉट, पिकअपचा मेसेज आणि ६ जूनपासून आजपर्यंतचा खात्याचा उतारा जोडला आहे.’

या पत्रात राग नाही, लांबलचक हकिकतही नाही. तारखा, आकडे, क्रमांक आणि एक स्पष्ट मागणी एवढंच आहे. पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं, पण कंपनीचं काम इंग्रजीत चालत असल्याने खाली इंग्रजी मजकूर जोडला तर उत्तर लवकर येतं. जोडपत्रांत सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे बँकेचा उतारा. पैसे आले नाहीत हे सिद्ध करण्याचा दुसरा सरळ मार्ग नाही.

‘मूळ पद्धतीनेच’ हे शब्द पत्रात मुद्दाम घातले आहेत. रक्कम अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये टाकून मोकळं व्हायचं, असा प्रयत्न कधी कधी होतो. रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रीगेटर कंपन्यांसाठी काढलेल्या सूचनांत म्हटलं आहे, की ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने रिफंड जावा. ग्राहकाने स्वतः मान्यता दिली तरच दुसरा मार्ग. म्हणून ‘लगेच हवे असतील तर वॉलेटमध्ये घ्या’ असा पर्याय आला, तर तो नीट वाचून मगच दाबा. एकदा संमती दिली की पैसे त्याच अ‍ॅपवर खर्चावे लागण्याची शक्यता असते.

तपासणीत नापास

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो गोदामातून ‘तपासणीत वस्तू नापास झाली’ असं उत्तर आलं की. ग्राहकाने मोबाइल परत केला आणि खोक्यात दुसराच निघाला, किंवा नव्या बुटांऐवजी जुने आले, असा आरोप असतो. अशी फसवणूक करणारे ग्राहक असतात, हेही खरं. पण म्हणून प्रामाणिक ग्राहकाने नुसता आरोप ऐकून घ्यायचं कारण नाही.

अशा वेळी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. तपासणी कोणत्या तारखेला झाली, तिथे काढलेले फोटो कुठे आहेत, आणि रिफंड देणार नसाल तर वस्तू मला परत का पाठवत नाही. तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे. वस्तूही ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, याला कंपनीकडे पटण्यासारखं कारण सहसा नसतं. पिकअपच्या वेळी दारातच तपासणी झाली असेल, तर तेही लिहा. कुरिअरने वस्तू पाहून, फोटो काढून, जुळते आहे अशी नोंद केली होती, मग मध्ये काय बदललं हे आता त्यांनी सांगायचं.

इथे उपयोगी पडतो तो पिकअपच्या आधी घेतलेला व्हिडिओ. वस्तूवरचा अनुक्रमांक, मोबाइल असेल तर आयएमईआय, सर्व सुटे भाग, वस्तू खोक्यात ठेवताना आणि खोकं बंद करताना, शेवटी लेबल, असं न थांबवता एका दमात चित्रीकरण करा. दोन मिनिटांचं काम असतं. पिकअपवाल्याने पार्सल घेतल्याची नोंद तुमच्यासमोर मोबाइलवर करेपर्यंत ते त्याच्या हातात देऊ नका, आणि परतीचा कोडही वस्तू देतानाच सांगा, फोनवर आधी नाही. कोड दिला आणि वस्तू घरातच राहिली, तर नोंदीत वस्तू गेलेली दिसते. उलट वस्तू गेली आणि नोंदच झाली नाही, तर हातात पुरावा काहीच राहत नाही.

‘आम्ही पैसे पाठवले’

२४ जूनला शिक्षिकेला उत्तर आलं, ‘रिफंड केला आहे.’ सोबत १२ आकडी क्रमांक होता. यूपीआयच्या व्यवहाराला असा १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. त्याला आरआरएन किंवा नुसतं यूटीआर म्हणतात. कार्डाने पैसे भरले असतील, तर २३ आकडी एआरएन क्रमांक मागायचा. ‘रिफंड झाला’ असं म्हणणाऱ्या कंपनीकडे यातला योग्य तो क्रमांक असलाच पाहिजे. क्रमांक द्यायला टाळाटाळ होत असेल, तर रिफंड प्रत्यक्षात निघालेला नाही असंच बहुधा समजावं.

क्रमांक मिळाला की बँकेच्या उताऱ्यात शोध घ्या. शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. नोंदीत खरेदीच्या अ‍ॅपचं नाव असेलच असं नाही. मध्यस्थ पेमेंट कंपनीचं नाव असू शकतं. म्हणून नावाने शोधू नका, रकमेने आणि क्रमांकाने शोधा. दुसरं, यूपीआय अ‍ॅपला दोन-तीन खाती जोडलेली असतील, तर पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात, रोज वापरतो त्यात नाही. क्रेडिट कार्डाचा रिफंड बँकेच्या बचत खात्यात येत नाही, तो कार्डाच्याच बिलात जमा दिसतो. रोख पैसे देऊन वस्तू घेतली असेल, तर आपण नंतर दिलेल्या खाते क्रमांकात एखादा आकडा चुकला का, हेही पाहा. क्रमांक आहे आणि तरी जमा दिसत नाही, तर तो क्रमांक बँकेला लेखी द्या. कार्डाच्या बाबतीत शाखेपेक्षा कार्ड विभागाला विचारलेलं बरं, कारण एआरएन शोधण्याची सोय तिथे असते.

शिक्षिकेच्या खात्यात रक्कम जमा झाली होती, पण ती ४,२९९ नव्हती, ४,२२० होती. ७९ रुपये ‘पिकअप शुल्क’ म्हणून कापले होते. वॉलेटमधले २०० वॉलेटमध्ये परत आले होते. मिक्सरच सदोष होता, तेव्हा तो परत नेण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी मारण्याचं कारण नाही. त्यांनी त्याच तिकिटावर हे लिहिलं आणि उरलेले ७९ रुपये मागितले. रक्कम लहान असली तरी ‘पूर्ण समाधान झालं’ असं त्यांनी कुठेही लिहिलं नाही. तसं लिहिलं असतं, तर तक्रार तिथेच बंद झाली असती.

कंपनी ऐकतच नसेल तर

अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच दिली नाही किंवा टोलवाटोलवी चालू ठेवली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येतं. तुमची तक्रार कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवली जाते आणि कंपनीला तिथे उत्तर द्यावं लागतं. रिफंडची पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा: हेल्पलाइन हे न्यायालय नाही, ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही.

आदेश देण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आता कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूची भरलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार e-jagriti.gov.in या संकेतस्थळावर घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीत बाजारपेठ चालवणारी कंपनी आणि बिलावर ज्याचं नाव आहे तो विक्रेता, दोघांनाही सामनेवाले करा. नाहीतर ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असं म्हणून एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सदोष वस्तू परत न घेणं आणि बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. रक्कम व्याजासह, शिवाय मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च मागता येतो.

यूपीआयचा व्यवहार फसला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो अनेक जण इथे लावू पाहतात. तो पैसे कापले गेले पण व्यवहार पूर्ण झाला नाही अशा प्रकरणांसाठी आहे. परत केलेल्या वस्तूच्या रिफंडला तो लागू नाही. चुकीचा नियम दाखवला, की बरोबर तक्रारही हलकी होते.

आणखी एक धोका या वाटेवर हमखास भेटतो. रिफंड अडकलेला माणूस इंटरनेटवर कंपनीचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधतो आणि ठगाच्या हाती सापडतो. तो क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो, पिन टाकायला लावतो, नाहीतर मोबाइलची स्क्रीन दिसेल असं एखादं अ‍ॅप घ्यायला लावतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. अधिकृत क्रमांक फक्त अ‍ॅपच्या मदत विभागातून घ्यावा. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

म्हणून रिफंड अडला की भांडण्याआधी कागद तपासा: बिल, पिकअपचा मेसेज, ट्रॅकिंगचा शेवटचा स्कॅन आणि बँकेचा उतारा. मग एकच लेखी मागणी करा: पैसे द्या, नाहीतर व्यवहार क्रमांक द्या. ऑर्डरचं पान उद्या बदललेलं असू शकतं, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.